रात्रीत किती हंडे

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर आरोग्य शिबिर होतं. समाजमंदिराच्या ओसरीवर मी केसपेपर लिहायला बसले होते. दहाच वाजले होते, पण पत्र्याखाली बसवत नव्हतं. तिशीच्या आतबाहेरची एक बाई सासूला सोबत घेऊन आली. लघवीला जळजळ होते, कंबर भरून येते, मधे दोन दिवस ताप येऊन गेला, असं तिने खालच्या आवाजात सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं, लघवी तपासली, गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावलं आणि शेवटी म्हणाल्या, "आणि पाणी भरपूर प्यायचं हं. दिवसाला निदान तीन लिटर. नाहीतर हे परत परत होत राहील." सल्ला अगदी बरोबर होता. दुसरा कुठलाही डॉक्टर हेच म्हणाला असता. सून मान हलवून उठायला लागली, तेवढ्यात सासूने विचारलं, "तीन लिटर म्हंजी किती?" नर्सने टेबलावरची बाटली उचलून दाखवली, अशा तीन. म्हातारीने बाटलीकडे पाहिलं, क्षणभर ओठ हलवले आणि म्हणाली, "घरात सहा मानसं. अठरा बाटल्या नुसत्या पिन्याच्या झाल्या. आन आननारी ही एकटीच."

पुढचा पेशंट आला. मी नाव, वय, वजन लिहीत राहिले. पण म्हातारीचा हिशेब डोक्यातून जाईना.

त्या रात्री मी तिथेच, पाड्याचं आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंच्या घरी राहिले. दुपारी त्यांच्याशी बोलताना लक्षात आलं होतं की पाड्यावरच्या बायका तहान लागली की पाणी पीत नाहीत. विहिरीवर गेल्या की तिथे ओंजळीने पोटभर पितात, घरी आल्यावर जेवताना तांब्यातलं थोडं. मधल्या वेळात घशाला कोरड पडली तरी हंड्याकडे हात जात नाही. तो हंडा आपणच आणलेला असतो, आणि तो संपला की आपल्यालाच पुन्हा उतरायचं असतं. नवरा कामावरून आला की त्याला भरलेला तांब्या, पोरांना मागतील तेवढं, सासऱ्याच्या उशाशी एक लोटा. ज्या बाईने ऐन उन्हात चढ चढून घाम गाळला, तिचा नंबर शेवटचा. कोणी तिला पिऊ नको म्हणत नाही. तिचं तीच हात आखडते. दुपारी चारच्या सुमारास लघवी गडद पिवळी, जवळजवळ चहाच्या रंगाची होते. आशाताई बायकांना हाच रंग विचारतात आणि त्यावरून कोणाला त्रास होणार ते ओळखतात. लघवी कमी झाली की मूत्रमार्गात शिरलेले जंतू धुऊन निघत नाहीत, तिथेच वाढतात. त्यात आडोसा मिळेपर्यंत लघवी दाबून धरायची सवय. मग जळजळ, मग ताप, मग कंबर. बाई गरोदर असेल तर हाच संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो, बाळंतपण दिवसांआधी होण्याची भीती वाढते. गोळ्यांनी ही खेप बरी होते, पण पुढच्या खेपेचं कारण अंगणातल्या रिकाम्या हंड्यात तसंच राहतं.

रात्री अडीचला आशाताईंनी मला हलवून उठवलं. बाहेर चांदणं होतं, पण झाडांखालची वाट काळीच. पाड्यापासून विहीर सव्वा किलोमीटरवर, खाली ओहोळाच्या काठी. कागदावर सव्वा किलोमीटर फार वाटत नाही. जाताना उतार, म्हणजे रिकामी भांडी घेऊन सोपं, आणि येताना भरल्या हंड्यानिशी चढ. पाणी नेहमी खाली असतं आणि घर वर, कारण पुराच्या आणि साप-किरड्याच्या भीतीने माणसं उंचावर वसलेली. बायका बोलत नव्हत्या. कोणाच्या हातात बॅटरी, कोणाच्या मोबाइलचा उजेड, बाकी पायांना वाट पाठ. सुकलेल्या सागाच्या पानांचा आवाज तेवढा होत होता. खाली पोचलो तर विहिरीच्या काठावर आधीच हंड्यांची रांग लागलेली. काही बायका संध्याकाळीच भांडी ठेवून गेल्या होत्या, काही तिथेच गोधडी टाकून झोपल्या होत्या.

मला वाटत होतं की पाणी आणणं म्हणजे चालणं. तिथे बसल्यावर कळलं की खरा वेळ जातो तो झिरपण्याची वाट पाहण्यात. एप्रिलमध्ये त्या विहिरीत पाणी साठलेलं नसतंच. तळाच्या खडकातल्या एका भेगेतून ते येतं, आणि येतं ते मनगटाएवढ्या धारेनेही नाही, ओल धरत, थेंबथेंब. दिवसभर उपसून तळ कोरडा झालेला असतो. अंधार पडल्यावर उपसा थांबतो आणि पहाटेपर्यंत वीतभर पाणी चढतं. विहिरीचा व्यास दहा फूट, म्हणजे तीन मीटर. वीतभर म्हणजे साधारण वीस सेंटिमीटर पाणी धरलं तर ते चौदाशे लिटर भरतं. एका खेपेला बाई डोक्यावर पंधरा लिटरचा हंडा आणि त्यावर सात लिटरची कळशी नेते, म्हणजे बावीस लिटर. चौदाशेत चौसष्ट खेपा. घरं चाळीस. एका घराला दीड खेप, बस्स. ज्या बायका पहाटे तीनला रांगेत पुढे असतात त्यांना दोन खेपा स्वच्छ मिळतात. साडेपाचला येणारीला गढूळ तळ, आणि सातला येणारीला पुन्हा वीतभर पाणी चढण्याची वाट. म्हणून झोप मोडून यायचं. आधी उठणारीमुळे पाणी वाढत नाही, फक्त ते कोणाच्या हंड्यात जाणार एवढं ठरतं. आणि प्रत्येक घर शेजारणीपेक्षा थोडं आधी उठतं, तसतशी सगळ्या पाड्याची रात्र लहान होत जाते.

पाणी पोहऱ्यात येण्याइतकं खोल नव्हतं. सोडलेला डबा आडवा पडून खडकावर खडखडत होता. मग एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी कमरेला दोर बांधून भिंतीतल्या खाचांवर पाय देत खाली उतरली. अंगाने हलकी म्हणून तीच. तळाशी बसून ती वाटीने पाणी डब्यात भरायची आणि वरून बायका डबा ओढायच्या. वाटी खडकाला घासल्याचा आवाज वरपर्यंत येत होता. पाऊण तास ती खाली होती. वर आली तेव्हा दोन्ही गुडघे चिखलाने माखलेले, आणि पहिलं वाक्य बोलली ते असं की आज कालच्यापेक्षा बरं हाय.

या सगळ्यात मला छळत होती ती एक साधी गोष्ट. या डोंगरांत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. याच तालुक्यात तानसा धरण आहे, १८९२ मध्ये बांधून झालेलं. भातसा धरणही इथलंच, आणि मुंबईच्या पाण्याचा जवळपास अर्धा वाटा तिथून जातो. इथून मुंबईला निघालेल्या प्रचंड जलवाहिन्या दिसतात. धरणामुळे विहिरी आटतात असं मात्र मी म्हणणार नाही. कारण निराळं आहे, ते पायाखालच्या दगडात आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट हा लाव्हाच्या एकावर एक थरांनी बनलेला. अखंड काळ्या थरातून पाणी जवळजवळ मुरतच नाही. मुरतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि भेगा पडलेल्या भागात, काही ठिकाणी पाच मीटर, काही ठिकाणी दहा-पंधरा. एवढीच काय ती जमिनीतली टाकी. चार महिन्यांत ती काठोकाठ भरते, बाकीचा पाऊस ओहोळांतून वाहून जातो. आणि भरलेली टाकीही उतारावरची, म्हणून ती कोणी उपसली नाही तरी बाजूंनी ओघळत राहते. दिवाळीत ओहोळ खळखळत असतो तो हेच पाणी घेऊन. माघात तो थांबतो, शिमग्याला विहिरीचा तळ दिसतो. बोअर मारली तर पाणी लागणं न लागणं एखाद्या भेगेच्या नशिबावर. दहा फुटांवर दोन बोअर, एक चालते, एक कोरडी, असं या भागात कोणालाही विचारा. पाऊस भरपूर आणि पाणी नाही, हे ऐकायला विसंगत वाटतं. दगडाला ते विसंगत नाही.

परतीचा चढ मी रिकाम्या हातांनी चढले तरी दोनदा थांबले. बायका थांबत नव्हत्या. डोक्यावर ओझं असलं की थांबणं अवघड, कारण उतरवायला आणि पुन्हा चढवायला दुसरी बाई लागते. पाणी बावीस किलो आणि भांड्यांचं वजन दोन-तीन किलो, म्हणजे पंचवीस. केसपेपरवर मी दिवसभर वजनं लिहिली होती: चाळीस, बेचाळीस, एकोणचाळीस, चव्वेचाळीस. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त, मानेवर, चढावर. कारखान्यात बाईने किती किलो उचलावं याला कायद्याच्या नियमांत मर्यादा घालून दिलेली आहे. या वाटेवर ती कोणी सांगत नाही.

डोक्यावरच्या ओझ्याचं शास्त्र मला फिजिओथेरपी करणाऱ्या एका मैत्रिणीने समजावलं. मानेचे मणके डोक्याचं चार-पाच किलो वजन पेलायला बनलेले असतात. वरून सरळ पंचवीस किलो आले की मणक्यांमधल्या गाद्यांवर दाब येतो, आणि हंडा डुचमळू नये म्हणून मानेचे सगळे स्नायू पूर्ण वाट ताठ धरावे लागतात. नजर खाली नेता येत नाही. पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, म्हणून घसरणं होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या लिम्पोपो प्रांतात पाणी वाहणाऱ्यांचा अभ्यास झाला आहे, त्यातही मान आणि पाठ यांच्या दुखण्याच्या तक्रारी पुढे आल्या. ओसरीवर त्या दिवशी मी "मान दुखते, हाताला मुंग्या येतात" हे इतक्यांदा लिहिलं की पुढे पुढे बाईने मानेला हात लावला की लिहून मोकळी व्हायचे. हाताला मुंग्या येणं म्हणजे दाब नसांपर्यंत पोचल्याची खूण असू शकते, हे मैत्रिणीने सांगितलं तेव्हा ते सगळे कागद डोळ्यांपुढे आले.

माझी आजी सिन्नरकडची. लहानपणी तिच्या डोक्याला तेल लावायचं काम माझ्याकडे असायचं. तिच्या टाळूवर मधोमध रुपयाएवढ्या जागेत केसच नव्हते, कातडी गुळगुळीत, किंचित कडक. मला वाटायचं म्हाताऱ्या बायकांना असंच असतं. पदर कायम डोक्यावर, त्यामुळे बाहेरच्या कोणाला ते दिसायचं नाही. एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "चुंबळीची जागा आहे ती." वयाच्या नवव्या वर्षापासून ती पाणी वाहत होती. लग्नानंतर सासरी आड होता, पण तो चैतापर्यंतच. पाड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांनी केस मोकळे केले तेव्हा मला त्याच जागा दिसल्या. आजी जाऊन बरीच वर्षं झाली, आणि सिन्नर ते शहापूर सगळा घाट मधे आहे, तरी टाळू तीच.

बाळंतपणानंतरचं बोलायला बायकांना वेळ लागतो. आशाताईंनी त्यांना एकेकीला आडोशाला नेलं तेव्हा कळलं. बाळंत झाल्यावर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध सैल पडलेले असतात. त्यांना पूर्ववत व्हायला निदान सहा आठवडे, खरं तर कितीतरी जास्त वेळ लागतो. त्या दिवसांत जड ओझं उचललं, चढ चढला, की पोटातला दाब थेट खाली येतो. पुन्हा पुन्हा असं झालं, बाळंतपणंही लागोपाठ झाली, की अंग बाहेर येतं. एका दिवसात नाही. आधी संध्याकाळी खाली जड जड वाटतं, आडवं पडलं की बरं वाटतं. मग खोकलं, शिंकलं की लघवी सुटते. मग बसताना काहीतरी लागतं. पहिल्या टप्प्यात व्यायामाने आणि ओझं थांबवल्याने ते बऱ्याच अंशी सावरतं, पुढे रिंग बसवावी लागते किंवा शस्त्रक्रिया. एका बाईने सांगितलं की ती हंडा उचलण्याआधी जुन्या लुगड्याची घट्ट पट्टी खाली बांधते. तिसऱ्या मुलापासून. मूल आता सात वर्षांचं आहे. राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालेलं आहे. तशा अंगाने, दम लागत, हा चढ.

आशाताईंना बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या भेटी असतात. त्या प्रत्येक भेटीत ओझं उचलू नका असं सांगतात. मग या बेचाळीस दिवसांत पाणी कोण आणतं? सासू धडधाकट असेल तर सासू. नसेल तर थोरली मुलगी. धाकटं भावंड जन्मलं की थोरलीची शाळा बुडायला लागते, हे मला तोपर्यंत कधी जोडून दिसलं नव्हतं.

शाळेचं वेळापत्रक त्यात आणखी भर घालतं. ऊन वाढलं की मार्च-एप्रिलमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळा सकाळच्या होतात. मुलांचा उन्हापासून बचाव व्हावा म्हणून, आणि हेतू चांगलाच आहे. पण पाणी भरण्याची वेळही तीच, पहाटे तीन ते सात. विहिरी आटायला लागतात त्याच महिन्यांत शाळेची घंटा सातला होते. विहिरीत उतरलेली ती मुलगी आठवीत होती. दुपारची शाळा असते तोवर ती पहाटेची खेप करून, थोडं झोपून, अकराला वर्गात असायची. सकाळची शाळा सुरू झाली की दोनपैकी एकच. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये. तिचे शिक्षक भले आहेत, उशिरा आली तरी आत घेतात. पण ते म्हणाले की मुली बाकावर डोकं टेकून झोपतात, आणि त्यांना उठवायचं का झोपू द्यायचं हे मला रोज ठरवावं लागतं. त्याच वयाचे मुलगेही पाड्यावर आहेत. कोणी त्यांना विहिरीवर पाठवत नाही. मात्र पाड्यापासून चार किलोमीटरवरच्या हातपंपावरून दुचाकीला दोन कॅन अडकवून पाणी आणायचं असलं की तेच मुलगे निघतात. चाक आलं की काम पुरुषाचं होतं. डोक्यावरचं असेल तर बाईचं. मैदानी गावांत काही संस्थांनी ढकलत नेता येतील असे प्लॅस्टिकचे गोल पिंप दिले, तिथे पुरुषही ते ढकलताना दिसतात. इथल्या दगडधोंड्यांच्या चढावर ते पिंप निरुपयोगी आहे.

त्या म्हातारीच्या अठरा बाटल्यांचं पुढे मी कागदावर मांडून पाहिलं. घरात पाणी येतं ते दिवसाला तीन खेपा, सहासष्ट लिटर. माणशी अकरा. त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, म्हाताऱ्याची अंघोळ, शेळीचं पिल्लू. कपडे ओहोळातल्या डबक्यावर, म्हणजे तो वेळ निराळा. तीन खेपांचं चालणं अडीच तास, रांगेत आणि भरण्यात दीड तास, म्हणजे रोजचे चार तास, आणि ते झोपेतून कापलेले. टंचाईत टँकरने पाणी द्यायचं तेव्हा माणशी वीस लिटर धरतात. जल जीवन मिशनचं, २०१९ मध्ये सुरू झालेल्या योजनेचं, माप पंचावन्न लिटरचं आहे. माणशी अकरा लिटरच्या घरात अठरा बाटल्या पिण्यात घालवल्या तर उरतात अठ्ठेचाळीस लिटर. कागदावर ते जमतं. फक्त भांडी आणि अंघोळ यांतून ते काढावे लागतील, आणि मग खरूज आणि जुलाब त्या वाटेने येतील.

यातली एक गोष्ट मला वाचनात सापडली आणि माझा विचार बदलला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या एका अहवालात मांडलंय की पाणी आणायला जाऊन येऊन अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल तर माणशी वापर बऱ्याचदा पाच लिटरच्याही खाली घसरतो. पाच मिनिटं ते अर्धा तास या टप्प्यात तो साधारण वीस लिटरवर अडकून राहतो. पंचवीस मिनिटांची खेप दहा मिनिटांवर आणली तरी घरातलं पाणी फारसं वाढत नाही. वाढतं ते नळ अंगणात आल्यावर, एकदम पन्नासच्या घरात. म्हणजे पाड्याच्या तोंडाशी सार्वजनिक नळ बसवला तर बाईचे तास वाचतात, मान वाचते, आणि हे थोडं नाही. पण तिच्या पोटात पाणी जास्त जाणार नाही. वाहून आणावं लागतं तोवर ती हात आखडतच राहणार. डॉक्टरीणबाईंचे तीन लिटर अंगणातल्या नळाशिवाय होणार नाहीत, असं मी आता ठामपणे म्हणते.

अंगणातले नळ मी पाहिलेत. शेजारच्या एका गावात घरासमोर नवे निळे पाइप उभे आहेत, तोटी आहे, गावाबाहेर टाकी आहे. जानेवारीपर्यंत पाणी येतं. मग ज्या विहिरीवरून ते येतं ती विहीरच आटते, कारण तीही त्याच मुरमातली. ओहोळाकाठची विहीर ऐन हिवाळ्यात पाहिली, भरलेली दिसली, तिच्यावर पंपाचं आणि पाइपचं गणित बांधलं, की असं होणारच. नळ लागला अशी नोंद कायम राहते. एप्रिलमध्ये त्या नळाखाली हंडा नसतो, तो पुन्हा ओहोळावर गेलेला असतो. टँकर येतो तोही पाणी बहुतेक वेळा विहिरीत सोडतो, म्हणजे दोर, रांग आणि चढ तसेच राहतात, फक्त वाट पाहायची ती झऱ्याची नाही, टँकरच्या हॉर्नची. हॉर्न कधी वाजेल ते ठाऊक नसतं, म्हणून कोणी मजुरीला जाऊ शकत नाही.

पाड्यावर छपराच्या पाण्याबद्दल बोलणं निघालं होतं. पत्र्याचं तीस चौरस मीटर छप्पर धरलं तर इतक्या पावसात वर्षाला पंचाहत्तर हजार लिटर पाणी त्यावरून वाहून जातं. कोरडे चार महिने, सहा माणसं, पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी पाच लिटर म्हटलं तर छत्तीसशे लिटर लागतात. पाच हजारांची एक टाकी. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, तोंडाला जाळी, झाकण घट्ट, म्हणजे डास होत नाहीत. या टाकीने भांडी-अंघोळ भागणार नाही, खेपा थांबणार नाहीत. पण पिण्याचं पाणी घरात, हाताशी असेल, आणि पहाटे तीनची खेप सातला ढकलता येईल, कारण वापराचं पाणी गढूळ असलं तरी चालतं. कुडाच्या, गवताने शाकारलेल्या घरांना ते जमत नाही, आणि टाकीचा खर्च भातशेतीच्या कमाईतून निघत नाही. चाळीसपैकी पत्रा असलेली घरं पंचवीस. बायका लगेच विचारायला लागल्या की ज्यांना पत्रा नाही त्यांनी कुठून प्यायचं, आणि त्यावर बराच वाद झाला.

योजनेचे साहेब लोक मोजणीला येतात ते कोणत्या महिन्यात, हे मी आशाताईंना विचारलं. पाऊस संपला की, रस्ता चांगला असतो तेव्हा, असं त्या म्हणाल्या. विहिरीचं खरं बळ मोजायचं तर मे महिन्यात, तळ उपसून, किती तासांत किती पाणी चढतं ते घड्याळ लावून पाहायला हवं. त्यावर पाड्याची टाकी ठरायला हवी. हे मी त्यांना सांगत होते तेव्हा ती म्हातारी, अठरा बाटल्यांवाली, शेजारी तांदूळ निवडत होती. घड्याळ कशाला, म्हणाली. आमाला इचारा की. कोणत्या सणाला ही विहीर रात्रीत किती हंडे देते ते तिने सुपातून नजर न काढता सांगितलं: संक्रांतीला मोजायचं कामच नाही, होळीला शंभर, पाडव्याला सत्तर, अखितीला तीस, आणि त्यानंतर पाऊस लागेपर्यंत पंधरा, ते पण गाळून घ्यायचे. वरच्या अंगाला करंजाखाली दुसरा झरा आहे, तो अखितीनंतरही पाच-सहा देतो, पण तिथे अजून कोणी खणून पाहिलेलं नाही, हेही तिनेच सांगितलं. मी ते आकडे केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतले आणि ग्रामसेवकांना दाखवायला त्याची एक प्रत आशाताईंकडे ठेवली.